बॉसची लढाई बदललीत, आता खेळून बघणाऱ्यांना काय विचाराल? शाळेच्या गेम क्लबसाठी निरोप आणि छोटा फॉर्म

नाशिकच्या एका शाळेत दर शनिवारी भरणाऱ्या गेम क्लबला मी मदत करते. सातवी ते नववीची मुलं येतात, गोडो या मोफत सॉफ्टवेअरवर गेम बनवतात. गेल्या वर्षीच्या गेमची कल्पना त्यांना पांडवलेण्यांच्या सहलीत सुचली. तिथल्या तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखाली, खांद्यावर साऱ्या लेण्याचा भार पेलणारे दगडी पुरुष कोरले आहेत. जमिनीतून अर्धेच वर आल्यासारखे ते दिसतात. मुलांना वाटलं, यातला एक जागा झाला तर? गेमचा शेवटचा शत्रू, म्हणजे बॉस, तिथेच ठरला आणि त्याचं नाव पडलं दगडोबा.

शाळेच्या प्रदर्शनात गेम मांडला आणि खेळून झाल्यावर प्रत्येकाला एक फॉर्म दिला. त्यात मुख्य प्रश्न होता, 'दगडोबाची लढाई कशी वाटली? १ ते ५ गुण द्या.' जवळजवळ सगळ्यांनी ४ किंवा ५ दिले. पण त्या दिवशी दगडोबाला एकानेही हरवलं नव्हतं, आणि बरीच मुलं दोन-तीन वेळा मरून शेजारच्या टेबलावर निघून गेली होती. फॉर्म सांगत होता सगळं छान आहे, खुर्च्या रिकाम्या होत होत्या. फॉर्ममध्ये काय विचारायचं हे मी तिथून पुढे शिकले. नव्याने क्लब सुरू करणाऱ्यांसाठी ते इथे क्रमाने लिहिते.

आधी ठरवा, तुम्हाला नक्की काय कळून घ्यायचंय

बॉसच्या लढाईत खेळाडू मरणारच. प्रश्न आहे तो का मरतो याचा. एक मरण असं असतं की खेळाडू म्हणतो, "अरे, दिसलं होतं, उडी उशिरा मारली." तो लगेच पुन्हा खेळतो. दुसरं मरण असं असतं की तो म्हणतो, "हे कुठून आलं?" असं तीनदा झालं की तो उठतो. दोघांनाही विचारलं की लढाई कशी होती, तर दोघंही 'अवघड' म्हणतील. म्हणून 'किती अवघड' एवढंच विचारणाऱ्या फॉर्ममधून तुम्हाला काहीच करता येत नाही. बॉसची ताकद कमी करायची की त्याचा वार आधी दिसेल असा करायचा, हे त्या उत्तरात नसतं.

आमच्या जुन्या दगडोबात दोष दुसऱ्या प्रकारचा होता. त्याचे तीन वार होते. हात आपटणं, दगड फेकणं आणि जमिनीतून लाट पाठवणं. हात वर उचलल्यापासून आपटेपर्यंत फक्त ०.३ सेकंद जायचे. काही दिसलं की लगेच बटण दाबायचं, एवढ्या साध्या कामालाही मोठ्या माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. इथे तर बघायचं, ओळखायचं, उडी की पळणं ते ठरवायचं आणि मग बटण दाबायचं. ०.३ सेकंदात ते जमत नाही. गेम बनवणाऱ्या मुलांना मात्र जमायचं, कारण वार कधी येतो हे त्यांना पाठ होतं. आपला बॉस सोपा की अवघड हे बनवणाऱ्याला कधीच नीट कळत नाही, आणि त्यासाठीच बाहेरचे खेळाडू लागतात.

मुलांनी लढाई नव्याने रचली. हात आपटण्याआधी दगडोबाचे डोळे चमकू लागले आणि तो इशारा ०.७ सेकंदांचा केला. मेल्यावर पार सुरुवातीपासून चालत येण्याऐवजी लेण्याच्या दारातच पुन्हा उभं राहता येईल असं केलं. दगडोबाचा जीव ६० वारांवरून ४० वर आणला. आता तपासायचं एवढंच होतं, की मरणारा खेळाडू आपण का मेलो हे सांगू शकतो का.

पहिल्यांदा खेळणारे जपून वापरा

एक मूल तुमचा बॉस पहिल्यांदा एकदाच पाहतं. दुसऱ्या दिवशी त्याला युक्त्या माहीत असतात, त्यामुळे इशारा दिसला की नाही याबद्दलची त्याची साक्ष चालत नाही. म्हणून हाताशी बारा नवी मुलं असतील तर सगळ्यांना एकाच शनिवारी बसवू नका. आम्ही दुसऱ्या तुकडीतली सहा मुलं आधी घेतली आणि सहा राखून ठेवली. पहिल्या सहांनी दाखवलेली चूक दुरुस्त केली आणि मगच उरलेल्यांना बोलावलं. पाच-सहा जणांत मोठी चूक दिसून येते, कारण ती बहुतेकांना सारखीच नडते. बारीकसारीक चुका सुटतील, त्या सुटू द्या.

जुना दगडोबा खेळलेली मुलंही उपयोगी असतात, पण वेगळ्या कामाला. त्यांना विचारा, 'आधीची कुठली युक्ती आता चालत नाही?' लढाई किती अवघड वाटली हे त्यांना विचारून उपयोग नाही. त्यांचा निरोपही वेगळा लिहा.

आणि कॉम्प्युटर लॅबमध्ये नव्या मुलांना एकामागे एक रांगेत बसवू नका. मागचा मुलगा पुढच्याचा स्क्रीन बघत बसला, तर त्याची पहिली वेळ बघण्यातच खर्ची पडते.

निरोप लिहिताना

आमच्या मुलांनी लिहिलेला पहिला निरोप असा होता:

> मित्रांनो, आम्ही तीन महिने खूप मेहनत घेऊन दगडोबाची लढाई एकदम नवीन केली आहे! आता तो वार करायच्या आधी डोळे चमकवतो, त्यामुळे खूप सोपं झालंय. नक्की खेळा आणि आवडलं का ते सांगा. तुमच्या प्रतिक्रियेची वाट पाहतोय!

मनापासून लिहिलेला निरोप आहे, पण त्यात तीन गोष्टी घात करतात. मेहनतीबद्दल वाचल्यावर कोण वाईट बोलेल? शाळेत तर मुळीच नाही. सहावीतला मुलगा नववीच्या दादाला "छान आहे दादा" एवढंच म्हणणार. दुसरं, डोळे चमकतात हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे नेमकं जे तपासायचं होतं त्याचं उत्तर फोडलं. तिसरं, 'सोपं झालंय' असं वाचून बसलेला मुलगा दहा वेळा मेला तर त्याला वाटतं आपणच कच्चे आहोत, आणि तो फॉर्मवर खरं लिहीत नाही.

खेळणाऱ्याला निरोपातून चारच गोष्टी कळायला हव्यात. काय करायचं, किती वेळ लागेल, कधी थांबायचं आणि आपली परीक्षा नाही हे. शेवटी ठरलेला निरोप असा:

> नमस्कार. येत्या शनिवारी मधल्या सुट्टीनंतर कॉम्प्युटर लॅबमध्ये आमच्या गेममधली एक लढाई खेळून पाहायला याल का? खेळायला १५ मिनिटं आणि त्यानंतर फॉर्म भरायला ४ मिनिटं लागतील.
>
> आम्हाला गेम तपासायचा आहे, तुम्हाला नाही. हरलात तर आमचा जास्त फायदा होतो, कारण कुठे चुकलंय ते कळतं.
>
> १५ मिनिटं झाली, दहा वेळा हरलात किंवा कंटाळा आला, यातलं जे आधी होईल तेव्हा थांबा. थांबल्यावर स्क्रीनवर एक छोटा कोड दिसेल. तो फॉर्ममध्ये लिहायचा आहे, म्हणून लगेच गेम बंद करू नका.
>
> फॉर्मवर नाव लिहायचं नाही. पुढच्या शनिवारपर्यंत बाकीच्यांना लढाईबद्दल काही सांगू नका, त्यांनाही पहिल्यांदाच खेळायचं आहे.

'कंटाळा आला तर थांबा' हे वाक्य घालायला मुलांचा विरोध होता. त्यांना वाटलं, मग सगळे लवकरच उठतील. पण जो कंटाळून उठतो तो कुठे उठला हे कळणं फार मोलाचं आहे. परवानगी दिली नाही तर मूल भिडेखातर खेळत राहतं आणि शेवटी खोटंच 'मजा आली' लिहितं.

नाव नको म्हणण्यालाही दोन कारणं आहेत. नाव नसलं की सहावीतला मुलगा मोकळेपणी लिहितो. दुसरं कायद्याचं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच धरलं जातं, आणि मुलांची वैयक्तिक माहिती हाताळायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. आपल्याला नाव, मोबाइल नंबर, ईमेल यातलं काहीच लागत नाही, मग ते गोळाच करू नका. गूगल फॉर्म वापरत असाल तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद आहे ना ते पाहा, आणि 'एकालाच एक उत्तर' हेही बंद ठेवा. ते चालू असलं तर लॉगिन मागितलं जातं, आणि लॅबमध्ये मुलांकडे कसलं लॉगिन असणार. आम्ही शेवटी फॉर्म कागदावरच छापला. लाइट गेली तरी तो भरता येतो.

आकडे मुलांना विचारू नका, गेमला विचारा

किती वेळा हरलात असं विचारलं तर उत्तर येतं 'खूप'. आठवणीवर भरवसा ठेवू नका, मोजायचं काम गेमकडेच द्या. खेळ थांबला की स्क्रीनवर `T6 W2 H14` असा कोड दिसतो. `T` म्हणजे किती प्रयत्न झाले. `W` म्हणजे शेवटचा वार कुठला, १ हात, २ दगड, ३ लाट. `H` म्हणजे तेव्हा बॉसचा किती जीव उरला होता. गोडोमध्ये त्यासाठी एक ओळ पुरते:

```
$CodeLabel.text = "T%d W%d H%d" % [Counter.tries, Counter.last_hit, boss_hp]
```

इथे एक चूक हमखास होते. प्रयत्नांचा आकडा लढाईच्याच सीनमध्ये ठेवला, तर मेल्यावर सीन पुन्हा लोड होताना तो पुसला जातो आणि प्रत्येकाचा कोड `T1` दाखवतो. म्हणून `Counter` ही वेगळी स्क्रिप्ट ऑटोलोडमध्ये ठेवायची, ती सीन बदलला तरी टिकते. मात्र ती टिकते म्हणूनच पुढचं मूल बसण्याआधी गेम पूर्ण बंद करून नव्याने उघडायचा. आमच्याकडे एकाचा कोड `T14` आला, तेव्हा कळलं की त्यातले काही प्रयत्न आधीच्या मुलीचे होते. ते उत्तर बाजूला ठेवावं लागलं आणि त्याच्या जागी आणखी एक मूल शोधावं लागलं.

फॉर्म

पूर्ण फॉर्म खाली देते. आठच प्रश्न आहेत, आणि त्यांचा क्रम बदलू नका, असं माझं सांगणं आहे.

> १. दगडोबाशी याआधी खेळला होतात का?
> नाही / हो / दुसऱ्याला खेळताना पाहिलं होतं
>
> २. स्क्रीनवरचा कोड जसाच्या तसा लिहा.
>
> ३. खेळताना आवाज ऐकू येत होता का?
> हो / नाही
>
> ४. शेवटच्या वेळी कशाने हरलात? तुमच्या शब्दांत लिहा. (जिंकलात तर त्याआधीच्या वेळचं लिहा.)
>
> ५. तो वार येतोय हे आधी कळलं होतं का?
> – कळलं होतं, काय करायचं तेही माहीत होतं, पण चुकलं
> – कळलं होतं, पण काय करायचं ते समजलं नाही
> – कळलंच नाही, अचानक बसला
> – आठवत नाही
>
> ६. हरल्यानंतर पुढच्या वेळी काय वेगळं करून पाहिलंत?
>
> ७. लढाई किती अवघड वाटली?
> फार सोपी / जरा सोपी / बरोबर / जरा अवघड / फार अवघड
>
> ८. खेळ सोडून द्यावासा कधी वाटला? नसेल वाटला तर 'नाही' लिहा.

आधी घडलेलं विचारायचं, मत नंतर. एकदा 'फार अवघड' असं लिहिलं की मूल पुढची सगळी उत्तरं त्याला साजेशी देत जातं, म्हणून सातवा प्रश्न इतका खाली आहे. त्याच्या पर्यायांत 'बरोबर' मुद्दाम मधोमध ठेवलाय. १ ते ५ गुणांत जास्त म्हणजे चांगलं असं वाटतं, पण अवघडपणाचं तसं नसतं, फार सोपंही वाईटच.

पाचवा प्रश्न या फॉर्मचा जीव आहे. त्यातले पहिले तीन पर्याय म्हणजे तीन वेगळी दुखणी, आणि तिघांचं औषध वेगळं. 'चुकलं' असं उत्तर आलं तर लढाई ठीक आहे, फार तर वेळेत थोडा फरक करावा लागेल. 'काय करायचं ते समजलं नाही' म्हणजे इशारा दिसतोय, पण त्याचा अर्थ लागत नाही. मग त्या वाराची एक सोपी आवृत्ती लढाईच्या आधी कुठेतरी शिकवावी लागते. 'अचानक बसला' म्हणजे इशाराच पोचत नाही. 'आठवत नाही' हा पर्याय गाळू नका. तो नसला तर मुलं अंदाजाने काहीतरी ठोकून देतात, आणि खऱ्या उत्तरांतून तो अंदाज निवडून काढता येत नाही.

सहावा प्रश्न वाचून कळतं की मूल शिकतंय का. 'मागे उभा राहिलो', 'डोळे बघून उडी मारली' असं काही लिहिलं असेल तर लढाई काहीतरी शिकवते आहे. 'तेच पुन्हा केलं' किंवा 'जोरात बटणं दाबली' असं असेल तर शिकवत नाही.

फॉर्ममध्ये 'काय सुधारणा सुचवाल?' हा प्रश्न मी ठेवलेला नाही. सूचना न विचारताही येतात, त्यांचं काय करायचं ते पुढे लिहिलंय.

खेळताना मागे कोण उभं राहील

क्लबमधलं एकच मूल, आणि तेही गप्प. हे सांगायला सोपं आणि पाळायला फार कठीण आहे. आपण रंगवलेल्या दगडोबासमोर कोणी तिसऱ्यांदा मरताना पाहिलं की तोंडातून "अरे उडी मार ना!" निघतंच. ते एकदा निघालं की त्या मुलाचं उत्तर बाद. आमच्याकडे मागे उभ्या राहणाऱ्याच्या हातात वही देतो. खेळाडू कुठे पाहतो, कधी हसतो, कधी खुर्चीत मागे टेकतो हे लिहायचं. हात कामात असले की तोंड बंद राहतं.

पहिली फेरी: सहा फॉर्म समोर ठेवून

पहिल्या सहांचे कोड असे आले:

`T5 W3 H22`, `T7 W3 H18`, `T4 W3 H26`, `T9 W1 H6`, `T6 W3 H20`, `T3 W3 H30`

सरासरी काढायची घाई करू नका. सहा आकड्यांच्या सरासरीला अर्थ नसतो. फॉर्म टेबलावर पसरा आणि कुठलं अक्षर पुन्हापुन्हा येतंय ते बघा. इथे सहापैकी पाच जण तिसऱ्या वाराने, म्हणजे लाटेने गेले होते. त्या पाचांपैकी चौघांनी पाचव्या प्रश्नाला 'अचानक बसला' लिहिलं होतं, एकाने 'काय करायचं ते समजलं नाही'. आणि सातव्या प्रश्नाला? चौघं 'जरा अवघड', दोघं 'बरोबर'. फक्त सातवा प्रश्न विचारला असता तर आम्ही खुशीत गेम पूर्ण झाला म्हणून घोषित केला असता.

मुलं चक्रावली, कारण लाटेला त्यांनी हातच लावला नव्हता. तिचा इशारा जुनाच होता, दगडोबाच्या पायथ्याशी उडणारी धूळ, आणि जुन्या दगडोबात लाटेबद्दल फारशी तक्रार नव्हती. कोडं सुटलं ते चौथ्या प्रश्नाच्या एका उत्तरामुळे. सातवीतल्या एकाने लिहिलं होतं, 'मी त्याचे डोळे बघत होतो. डोळे काहीच झाले नाहीत तरी मेलो.'

नव्या रचनेनेच हा घोळ केला होता. चमकणाऱ्या डोळ्यांनी खेळाडूंना वर बघायला शिकवलं. दोन-तीन प्रयत्नांत ते शिकलेही, म्हणूनच हाताच्या वाराने एकच जण गेला. पण नजर वर खिळली आणि खालची धूळ दिसेनाशी झाली. एक इशारा ठळक केला की दुसरा फिका पडतो. बॉस बदलल्यावर जो भाग बदललेला नाही तोही पुन्हा तपासायचा, तो यासाठी.

मग लाटेचा इशाराही डोळ्यांतच आणायचं ठरलं. एकाने सुचवलं, हातासाठी लाल डोळे, लाटेसाठी हिरवे. ते आम्ही केलं नाही, कारण काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. त्याऐवजी आकार बदलला. हाताआधी डोळे मोठे होऊन चमकतात, लाटेआधी घट्ट मिटतात, आणि धूळही तशीच राहते. मिटलेले डोळे ०.८ सेकंद दिसतात. आणखी कोणी म्हणालं की गडगडाटाचा आवाज घालू. घातला, पण त्यावर अवलंबून राहिलो नाही. तिसऱ्या प्रश्नाला सहापैकी पाच जणांनी 'नाही' लिहिलं होतं. लॅबमध्ये स्पीकर बंदच असतात.

दुसरी फेरी, आणि 'तलवार मोठी द्या'

राखून ठेवलेली सहा मुलं पुढच्या शनिवारी खेळली. दोघं जिंकली. उरलेल्यांपैकी दोघं हाताने गेली, एक दगडाने, एक लाटेने. पाचव्या प्रश्नाला चौघांनी 'कळलं होतं, पण चुकलं' लिहिलं, एकाने 'काय करायचं ते समजलं नाही', एकाने 'आठवत नाही'. 'अचानक' एकही नाही. वार वेगवेगळे आणि उत्तर बहुतेक एकच, हे चित्र तुम्हाला हवं असतं.

पण दोन फॉर्मांवर आठव्या प्रश्नाखाली एक सूचना होती, 'तलवार मोठी द्या.' क्लबमधली मुलं लगेच मोठी तलवार काढायला बसली. मी त्यांना थांबवलं. खेळणारा जे औषध सुचवतो ते चुकीचं असू शकतं, पण दुखतंय हे खरं असतं. मोठी तलवार कोणाला हवी असते? ज्याचा वार पोचत नाही त्याला. मग मोजलं. हात आपटल्यावर दगडोबाचा हात ०.६ सेकंद जमिनीवर पडून राहतो आणि तेवढ्यातच त्याला मारता येतं. खेळाडू एका सेकंदात २०० पिक्सेल धावतो, आणि हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहायचं तर १८० पिक्सेल लांब राहावं लागतं. तिथून धावत यायला ०.९ सेकंद लागतात. म्हणजे नीट वागून सुरक्षित अंतरावर उभं राहणाऱ्याला मारायची संधीच मिळत नव्हती, फक्त धाडस करून चिकटून उभं राहणाऱ्यालाच ती होती. वहीत पाहिलं तर जिंकलेली दोन्ही मुलं चिकटूनच खेळली होती.

तलवार तेवढीच ठेवली. हात जमिनीवर पडून राहायचा वेळ १.५ सेकंद केला. म्हणजे लांबून धावत येऊन अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ हातात राहतो, दोन वार सहज बसतात.

सूचना वाचताना हा एकच प्रश्न स्वतःला विचारा, ही मागणी करणारा कुठे उभा होता? 'जीव वाढवा' म्हणणारा बहुधा अशा वाराने मरत असतो जो त्याला दिसत नाही. 'बॉस हळू करा' म्हणणाऱ्याला बहुधा इशारा आणि वार यातलं अंतर कळत नसतं. दर वेळी असंच असेल असं नाही, म्हणून कोड आणि पाचवं उत्तर शेजारी ठेवूनच ठरवा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. 'कळलं होतं, पण चुकलं' अशी उत्तरं एकाच मशीनवरून येत असतील तर कीबोर्ड तपासा. लॅबमधल्या साध्या कीबोर्डवर काही ठरावीक तीन बटणं एकदम दाबली की तिसरं लागतच नाही. आमच्या खिडकीजवळच्या मशीनवर उजवीकडे धावताना उडी मारून वार केला तर वार लागायचा नाही. तिथल्या मुलीला वाटत होतं तिचाच हात जड आहे. वाराचं बटण दुसरीकडे हलवलं आणि ते थांबलं. फॉर्म कागदावर असेल तर कोपऱ्यात मशीनचा नंबर आधीच लिहून ठेवा, म्हणजे हे शोधायला दिवस जाणार नाही.

खेळून गेलेल्यांना उलट निरोप

हा निरोप बहुतेक क्लब पाठवतच नाहीत. पाठवा, आणि त्यात नुसते आभार मानू नका, काय बदललं ते सांगा. आमचा असा गेला:

> दगडोबाशी लढायला आलात त्याबद्दल मनापासून आभार. पहिल्या फेरीत तुमच्यापैकी पाच जण लाटेने हरले आणि चौघांनी लिहिलं की ती अचानक आली. ते बरोबर होतं. आता लाटेआधी दगडोबा डोळे मिटतो. दोघांनी मोठी तलवार मागितली होती. तलवार तीच आहे, पण त्याचा हात आता जास्त वेळ जमिनीवर राहतो, लांबून धावत आलात तरी वार बसेल. दगड फेकण्यात काही बदल केलेला नाही. शनिवारी लॅब उघडी आहे, पुन्हा खेळायला या.

त्या शनिवारी पहिल्या सहापैकी पाच जण आले. डोळ्यांबद्दल लिहिणारा मुलगा सगळ्यात आधी बसला आणि त्याने चौथ्या प्रयत्नात दगडोबाला पाडलं. मागे वही घेऊन उभ्या असलेल्या मुलीने लिहिलं होतं, 'डोळे मिटले की तो स्वतःशी "आता" म्हणतो.'